सासरी कडाक्याचं भांडण झाल्यावर जावयाने मेसेज कसा लिहायचा

जावई आणि सासू-सासऱ्यांमधे मोठं वाजलं की दोन दिवसात एक मेसेज जातो आणि बऱ्याचदा त्या मेसेजनेच गोष्ट जास्त बिघडते. मी मित्रांचे, नात्यातल्या पोरांचे असे मेसेज पाठवायच्या आधी वाचलेत आणि पाठवून झाल्यावरही वाचलेत. मनापासून लिहिलेले असतात, त्यात खोटं काही नसतं, पण क्रम चुकलेला असतो, वेळ चुकलेली असते आणि एकाच मेसेजमधे माफी, खुलासा, तक्रार आणि मागणी असं सगळं कोंबलेलं असतं. म्हणून इथे फक्त एवढंच सांगतो की मेसेजच्या आधी काय करायचं, मेसेजमधे काय लिहायचं आणि पाठवल्यावर काय करायचं.

आधी एक मर्यादा सांगून ठेवतो. हे सगळं शब्दाने शब्द वाढून झालेल्या भांडणासाठी आहे. हात उचलला गेला असेल, धमकी दिली असेल किंवा माहेरून पैसे आणायचा विषय असेल तर तिथे असा मेसेज म्हणजे नुसतं पांघरूण घालणं होतं. तो वेगळाच प्रश्न आहे, त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. तसं काही असेल तर पुढचं वाचून वापरायला जाऊ नका.

उदाहरणाला एक प्रसंग धरू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. जावई हिंजवडीत नोकरीला, बायको खराडीला, घर बावधनला. सासू-सासरे कोथरूडला. तीन वर्षांची मुलगी, तिला घरात चिऊ म्हणतात, ती दिवसभर आजी-आजोबांकडे असते. बुधवारी जावई म्हणाला सातला न्यायला येतो आणि पोचला पावणेनऊला, पाऊस होता, वाकडपासून चांदणी चौकापर्यंत गाडी हलत नव्हती, पण आधी फोन केला नाही, आठ वाजून गेल्यावर नुसतं 'लेट होतोय' टाकलं. सासऱ्यांचा ज्येष्ठ नागरिक संघातला गाण्याचा कार्यक्रम बुडला. दारातच ते म्हणाले, "आम्ही काय पाळणाघर उघडलंय का? तुमच्या आईवडिलांनी एक दिवस तरी सांभाळलंय का हिला?" यावर जावई म्हणाला, "मग उद्यापासून पाळणाघरातच ठेवतो, तिथे निदान पैसे टाकले की कोणाची बोलणी ऐकावी लागत नाहीत." सासूबाईंनी ताट वाढलेलं होतं. ते तसंच टाकून रडणाऱ्या मुलीला उचलून तो निघाला. शेजारच्या काकू जिन्यात उभ्या होत्या.

### टप्पा 1: त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

त्या रात्री काही पाठवायचं नाही. रात्री साडेअकराला लिहिलेला मेसेज तुम्हाला कितीही शांत वाटला तरी त्यात भांडण पुढे चालूच असतं, आणि समोरचा माणूस तो पहाटे उठून चष्मा लावून एकटा वाचतो.

पण एक गोष्ट थांबू शकत नाही, रोजचा व्यवहार. उद्या सकाळी चिऊ कुठे असणार? तिकडे आजी नेहमीसारखी पोरीसाठी खिमट टाकायचं की नाही या विचारात असते आणि इकडून कोणी काही कळवतच नाही, मग दुपारपर्यंत त्या घरात असं ठरतं की 'त्याने खरंच पाळणाघरात टाकलं'. भांडणातलं वाक्य तुम्ही न बोलता खरं करून दाखवता. म्हणून सकाळी आठच्या आत फक्त व्यवहाराची एक ओळ जायला पाहिजे, आणि ती जावयाने स्वतः टाकायची:

"आई, आज मी घरून काम करतोय, चिऊ माझ्याजवळ आहे. तिचं बरं आहे."

एवढंच. यात माफी नको, 'काल जे झालं' नको, 'संध्याकाळी बोलू' पण नको. तिचं बरं आहे हे मात्र लिहा कारण ती रडत गेलेली त्यांनी पाहिलीये.

सावधान: मूल तिकडे पाठवणं बंद करून 'आता कळेल त्यांना' असं मनात आलं तर ते बाजूला ठेवा. आजी-आजोबांना नातवंड न दिसू देणं हे त्या घरात सगळ्यात जास्त लागतं आणि ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. एक दिवस घरी ठेवणं ठीक आहे, तिसऱ्या दिवशी तीच शिक्षा झालेली असते.

मुख्य मेसेज कधी पाठवायचा? माझं मत, मधे एक पूर्ण दिवस जाऊ द्या आणि त्याच्या पुढच्या सकाळी पाठवा. बुधवारी रात्री भांडण, गुरुवार मधे, शुक्रवारी सकाळी मेसेज. आठवडा लोटला की तिकडे मावशी, काका, लग्न जमवणारे मध्यस्थ सगळ्यांपर्यंत गोष्ट गेलेली असते आणि मग तुमचा मेसेज कोणीतरी सांगितल्यामुळे आलाय असं वाटतं.

### टप्पा 2: कागद घ्या आणि शब्द लिहून काढा

मोबाइलवर नाही, कागदावर. मधे रेघ मारा. डावीकडे तुम्ही काय बोललात ते जसंच्या तसं, उजवीकडे ते काय बोलले ते जसंच्या तसं. 'मी जरा चिडून बोललो' असं लिहायचं नाही, वाक्य लिहायचं. बहुतेकांना स्वतःचं वाक्य लिहिताना हात अडखळतो आणि सासऱ्यांचं वाक्य मात्र स्वल्पविरामासकट आठवतं. तरी लिहा. शब्दांशिवाय जे केलं तेही डावीकडेच येतं: फोन केला नाही, ताट टाकून निघालो, दार आपटलं.

आता उजवी बाजू दुमडून टाका. मेसेजमधे फक्त डाव्या बाजूचं जाणार. उजवीकडचं खोटं आहे म्हणून नाही. सासऱ्यांनी तुमच्या आईवडिलांना मधे आणलं ते चुकीचंच होतं आणि त्याबद्दल बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण ते समोर बसून, त्याची जागा शेवटच्या टप्प्यात आहे. लेखी माफीत ते घातलं की वाचणारा फक्त तेवढंच वाचतो आणि बाकीच्या ओळी पुसल्या जातात.

तपासा: डाव्या बाजूला दोनपेक्षा कमी गोष्टी असतील तर तुम्ही अजून रागात आहात, मेसेज आज लिहू नका. आणि खरोखरच दोनच असतील, बाकी सगळं त्यांच्याकडून असेल, तर त्या दोनच लिहायच्या. न केलेल्या गोष्टीची माफी मागू नका, ती पुढे प्रत्येक भांडणात वापरली जाते.

### टप्पा 3: बायकोशी बोला, पण तिला निरोप्या करू नका

हा टप्पा वगळणारे फार आहेत. एक तर तिला न विचारता परस्पर मेसेज टाकतात किंवा उलट तिलाच म्हणतात, 'तू सांग ना तुझ्या आईला, मला तसं म्हणायचं नव्हतं.' दोन्हीत तिची ओढाताण होते. तिचे आईवडील आणि तिचा नवरा यांच्यामधे ती आधीच दोन दिवस अर्धी जेवतेय, फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जातेय.

तिच्याशी बोलताना दोनच गोष्टी विचारायच्या. पहिली, 'मी बोललो त्यातलं त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल?' आणि दुसरी, 'मी स्वतः लिहिलं तर चालेल ना, का तुला आधी त्यांच्याशी बोलायचंय?' उत्तर ऐकायचं, त्यावर वाद घालायचा नाही. ती तिच्या घरातली माणसं तीस वर्षं ओळखते, तुम्ही पाच वर्षं.

आपल्या उदाहरणात जावयाला वाटत होतं 'पाळणाघर' हा शब्द लागला. बायको म्हणाली, "अरे पाळणाघर तर बाबाच आधी म्हणाले. पैसे टाकले की म्हणालास ना, ते लागलं. आपण दुधाफळांचे पैसे द्यायला गेलो होतो तेव्हा बाबांनी हात जोडून परत केले होते, विसरलास का? आणि आई बोलणार नाही पण तिला ताटाचं लागलंय. आणि काकू जिन्यात होत्या." हे एक वाक्य कळलं नसतं तर अख्खा मेसेज चुकीच्या गोष्टीची माफी मागत बसला असता. असं खूप वेळा होतं, आपण ज्याची माफी मागतो ते त्यांच्या लक्षातही नसतं आणि जे लागलंय त्याचा मेसेजमधे उल्लेखच नसतो.

सावधान: बायको म्हणाली 'आत्ता नको, मी आधी आईशी बोलते' तर थांबा. पण मेसेज तिने लिहून द्यायचा नाही. आईला लेकीची भाषा पहिल्या ओळीत ओळखू येते.

### टप्पा 4: कोणाला आणि कशावर

फॅमिली ग्रुपवर नाही. ग्रुपवर मेव्हणा आहे, त्याची बायको आहे, नाशिकची आत्या आहे. तिथे माफी मागितली की सासऱ्यांवर सगळ्यांदेखत मोठेपणा दाखवायची सक्ती होते, आणि ज्यांना भांडण माहीतच नव्हतं त्यांना ते कळतं.

सासरे आणि सासूबाई दोघांना वेगवेगळा मेसेज पाठवा. लोक म्हणतात एकच पाठवला की झालं, घर एकच आहे. पण दोघांना लागलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि फक्त सासऱ्यांना पाठवला तर सासूबाईंना तो वाचून दाखवला जातो, तोही सासऱ्यांच्या सुरात. ज्या बाईने ताट वाढलं होतं तिला तिचा स्वतःचा मेसेज मिळायला हवा, भले तो चार ओळींचा असेल. सासूबाई व्हॉट्सअ‍ॅप वापरत नसतील तर त्यांना त्याच वेळी फोन करा, दोन मिनिटांचा.

मेसेज देवनागरीत लिहा. 'maza chukla' असं इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी सत्तरीच्या माणसाला वाचायला त्रास होतो आणि ते घाईत टाकल्यासारखं दिसतं. व्हॉइस नोट नको, ती स्पीकरवर लागते, कामवाल्या मावशींसमोर लागते. आणि लिहायचं ते नोट्समधे, व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत नाही. चौकटीत लिहिताना पलीकडे चॅट उघडी असेल तर तुम्ही टाइप करताय हे दिसत राहतं. वीस मिनिटं ते बघत बसलेला माणूस आधीच तयारीत बसतो. शिवाय अर्धवट असताना बोट लागून जाणं हे नेहमीचंच आहे.

मायना रोजचा ठेवा. रोज 'बाबा' म्हणत असाल तर 'बाबा', 'काका' म्हणत असाल तर 'काका', 'मामा' म्हणत असाल तर 'मामा'. एरवी कधीच न लिहिणाऱ्या जावयाने अचानक 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' लिहिलं तर ते टोमण्यासारखं वाचलं जातं.

### टप्पा 5: आता मेसेज

आधी नेहमी येतो तसा मसुदा बघू. असे मी बरेच पाहिलेत, शब्द इकडेतिकडे:

"नमस्कार बाबा. परवा जे काही झालं त्याबद्दल सॉरी. माझ्या बोलण्याने तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा, माझा तसा हेतू नव्हता. पण तुम्हीही माझ्या आईवडिलांबद्दल बोलायला नको होतं. ऑफिसचं प्रेशर आणि हिंजवडीचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. चिऊसाठी तरी आपण सगळं विसरून जाऊया. हिला पण खूप त्रास होतोय. प्लीज राग सोडा."

लिहिणारा पोरगा चांगला आहे, त्याला खरंच मिटवायचंय. तरी हा मेसेज सासऱ्यांच्या खुर्चीत बसून वाचून बघा.

'जे काही झालं' म्हणजे काय झालं ते लिहायची तयारी नाही. 'वाईट वाटलं असेल तर' म्हणजे वाटलं की नाही याबद्दल अजून शंका आहे, आणि जावयाला वाढलेलं ताट टाकून जाताना बघितलेल्या माणसाला ही शंका फार लागते. 'पण' नंतर सगळं उलटं फिरतं, त्याच्या आधीच्या तीन ओळी कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. ट्रॅफिकचं कारण खरं आहे पण सासऱ्यांचा राग ट्रॅफिकवर नव्हता, फोन न केल्यावर होता. सातला निघणारा माणूस फोन आला असता तर कार्यक्रमाला चिऊला घेऊन गेला असता किंवा आधीच नाही म्हणून कळवलं असतं. 'चिऊसाठी तरी' मधे मुलीला मधे उभं केलंय, 'हिला त्रास होतोय' मधे बायकोला. आणि 'राग सोडा' ही तर मागणी झाली. माफीच्या मेसेजमधे समोरच्याने काय करायचं ते लिहायचं नसतं, राग किती दिवस ठेवायचा ते त्यांचं ते ठरवतील.

आता हाच मेसेज नीट क्रमाने लिहू. क्रम असा: जे केलं ते, जे बोललो ते, ते का लागलं हे मला कळलंय, माझं चुकलं, आणि मी पुढे काय करतोय. पाच गोष्टी, आठ-दहा ओळी.

"बाबा, बुधवारी मी सातला येतो म्हणालो आणि पावणेनऊला आलो. आधी फोनही केला नाही, त्यामुळे तुमचा कार्यक्रम बुडला. आणि वर पाळणाघराचं आणि पैशाचं बोललो. चिऊसाठी तुम्ही दोघं जे करता त्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, मी द्यायला आलो तेव्हा परत केलेत, हे माहीत असून मी तेच बोललो, आणि तेही काकूंसमोर. माझं चुकलं. मी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास येऊन जाईन. त्या दिवशी नको असेल तर तसं कळवा, मी नंतर येईन."

सासूबाईंना:

"आई, बुधवारी तुम्ही ताट वाढलं होतं आणि मी तसाच निघालो, चिऊ रडत होती तरी थांबलो नाही. माझं चुकलं. बाबांना वेगळं लिहिलंय. रविवारी येईन तेव्हा काही करत बसू नका, चहा घेईन."

ट्रॅफिक कुठेही नाही, बघा. ऑफिस नाही. सासऱ्यांच्या वाक्याचा उल्लेख नाही. 'माझं चुकलं' एकदाच आहे आणि सगळं सांगून झाल्यावर आहे. आधी 'माफ करा माफ करा' लिहून मग कारण सांगायला गेलं की ती कारणं सबबींसारखी दिसतात, आधी काय केलं ते सरळ लिहिलं की 'चुकलं' हा शब्द एकदाच पुरतो. आणि 'उशिरा आलो' असं मोघम न लिहिता सात आणि पावणेनऊ लिहिलंय, कारण सासऱ्यांना ती वेळ पाठ आहे आणि ती तुम्हालाही पाठ आहे हे त्यांना दिसणं गरजेचं आहे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'पुन्हा असं होणार नाही' लिहायचं का? नका लिहू. पावसाळ्यात हिंजवडीहून सातला पोचणं तुमच्या हातात नाही आणि पंधरा दिवसांत ते वाक्य मोडेल. पुढे कसं करायचं ते टप्पा 7 मधे समोर बसून ठरवायचं.

हात जोडलेला इमोजी, फुलं, काही नको. सासरे रोज सकाळी सुविचारासोबत तेच इमोजी सगळ्यांना पाठवतात, त्यांच्या दृष्टीने त्याचं वजन तेवढंच आहे.

तपासा: पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा. त्यात 'पण', 'असेल तर', 'तुम्हीही', 'गैरसमज', 'हेतू' यातलं काही आलंय का बघा, आलं असेल तर ती ओळ काढा, बदलत बसू नका. एकच 'तर' चालतो, रविवारी नको असेल तर, कारण तिथे खरंच निवड त्यांची आहे. बायकोला दाखवा, पण एवढंच विचारा की यात चुकीची माहिती नाही ना. तिने चार शब्द गोड केले की तो तुमचा मेसेज राहत नाही. आणि लांबी बघा. सासऱ्यांच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं, तुमच्याकडे दहा ओळी दिसतात त्या तिकडे अख्खी स्क्रीन होतात, त्यापेक्षा लांब झाला तर काटा.

### टप्पा 6: पाठवणे आणि पाठवल्यानंतरचे तास

वेळ सकाळी दहाच्या आसपास. टेकडीवरून फिरून आलेले असतात, अंघोळ, पेपर झालेला असतो, दोघंही घरात असतात. दुपारी एक ते चार नको, झोपमोड होते. रात्री नऊनंतर नको, रात्रभर विचार करत पडतात. आधी सासऱ्यांचा पाठवा, लगेच पाठोपाठ सासूबाईंचा.

मग फोन बाजूला ठेवा. इथे जी चूक होते ती मेसेज लिहिण्यातल्या चुकीपेक्षा जास्त होते: निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि जावई तासाभराने लिहितो 'बाबा वाचलंत का?' नाहीतर 'ठीक आहे, तुम्हाला बोलायचं नसेल तर राहू द्या.' झालं, सकाळचा मेसेज वाया गेला. निळ्या खुणा दिसल्याच नाहीत तरी त्यावरून काही ठरवू नका, कित्येकांनी ते सेटिंग बंद करून ठेवलेलं असतं. मेसेज डिलीट करू नका, डिलीट केल्याची खूण तिथे राहते आणि काय लिहिलं होतं याची ते दोघं बसून कल्पना करतात. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांच्या आत सुधारता येतो, पण त्यावरही सुधारल्याची खूण येते, त्यामुळे फक्त टायपिंगची मोठी चूक असेल तरच हात लावा.

उत्तर काय येतं त्यावरून पुढचं ठरतं.

'ठीक आहे' किंवा 'ओके' आलं तर ते चांगलं उत्तर आहे. त्या वयाचा माणूस लिहून यापेक्षा जास्त देत नाही. त्यावर परत 'थँक्यू बाबा' वगैरे नको.

काहीच उत्तर नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळचा नेहमीचा फॉरवर्ड तुम्हालाही आला, तर दार उघडं आहे. किंवा सासूबाईंनी लेकीला फोन करून चिऊचा खोकला कसा आहे विचारलं, तेही तेच. रविवारी जा.

लांबलचक रागाचं उत्तर आलं, त्यात तीन वर्षांपूर्वीच्या बारशाच्या वेळचं पण निघालं, तर वाचून घ्या, मुद्द्यांना उत्तर देऊ नका. एकच ओळ: "बाबा, वाचलं. रविवारी येतो, समोर बोलू." मला तर असं उत्तर गप्प बसण्यापेक्षा बरं वाटतं, कारण माणूस बोलतोय.

'येऊ नका' आलं तर जायचं नाही. "बरं बाबा" एवढंच लिहा आणि आठ दिवसांनी सासूबाईंना फोन करून विचारा. मधल्या काळात चिऊला तिच्या आईबरोबर तिकडे जाऊ द्या, नेहमीसारखं.

सावधान: या काळात तुमच्या आईवडिलांना सासऱ्यांना फोन करू देऊ नका. 'आम्ही बोलतो त्यांच्याशी' असं ते प्रेमाने म्हणतात, पण सासऱ्यांचं वाक्य त्यांच्याबद्दलच होतं, तो फोन शांत होणं अवघड आहे. त्यांना ते वाक्य सांगितलं नसेल तर अजून सांगू नका.

### टप्पा 7: रविवार

एकटे जा. चिऊला नेलं तर सगळं तिच्याकडे बघून होतं, चार वाक्यं बोलायची राहून जातात आणि सगळ्यांना वाटतं मिटलं. दहा म्हणजे दहा, बावधनहून कोथरूड रविवारी सकाळी लांब नाही, या भेटीत उशीर झाला तर मेसेजमधली पहिली ओळच खोटी ठरते. हातात मोठी भेटवस्तू, मिठाईचे बॉक्स नको, पैशाचं बोलून गेलेल्या माणसाने विकत आणलेली वस्तू पुढे करणं बरं दिसत नाही. घरी चिऊने काढलेलं चित्र असेल तर ते न्या.

नेहमी पाया पडत असाल तर पडा, पडत नसाल तर आज मुद्दाम नको. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं होऊ द्या. मग मेसेजमधलं एकदा तोंडाने म्हणा, पूर्ण नाही, "बाबा, त्या दिवशी पैशाचं बोललो ते चुकलं" एवढंच. सासरे बहुतेक म्हणतील जाऊ दे, विषय संपला. सासूबाई पोहे आणतील, तुम्ही फक्त चहा म्हणाला होतात तरी. खा.

यानंतर व्यवस्थेचं बोलायचं आणि ते जावयाने काढायचं, कारण मूळ दुखणं तेच आहे. सत्तरीतल्या दोन माणसांच्या संध्याकाळी कोणाच्या तरी गाडीच्या वेळेवर टांगलेल्या असतात. बोलण्याआधी बायकोशी नक्की करून जा की तुम्ही दोघं काय देऊ शकता. आपल्या उदाहरणात असं ठरलं: ज्या दिवशी बाबांचा संघाचा कार्यक्रम असतो त्या बुधवारी जावई घरून काम करणार आणि चिऊ दुपारनंतर त्याच्याजवळ. बाकी दिवशी ऑफिसमधून निघताना फोन, मेसेज नाही, आणि सहापर्यंत निघाला नसेल तर तोही फोन. साडेसातच्या पुढे जाणार असेल तर चिऊला जेवायला घालून टाकायचं, वाट बघायची नाही. आठवड्यातून दोन दिवस पाळणाघराचा विचार जावई-बायकोच्या मनात होता, पण तो विषय त्या रविवारी काढला नाही आणि ते बरोबर केलं. पाळणाघर हा शब्द त्या घरात ताजा होता. तो महिन्याभराने, बायकोने काढायचा, आईबाबांना थोडी उसंत मिळावी म्हणून.

आणि दुमडून ठेवलेली उजवी बाजू. ती बोलायची, पण त्याच दिवशी नाही, दोन-तीन आठवड्यांनी, येणंजाणं नेहमीसारखं झाल्यावर, सासऱ्यांशी एकट्याशी. गाडीत कुठे सोडताना, टेकडीवर बरोबर चालताना, जिथे तिसरं कोणी नाही आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज नाही अशा वेळी. वाक्य लहान ठेवा: "बाबा, मला काही बोलायचं असेल तर मला बोला, मी ऐकेन. माझ्या आईवडिलांना त्यात आणू नका. आईचे गुडघे असे आहेत की तिला सांगलीहून येऊन चिऊच्या मागे धावणं जमत नाही, तिला त्याचं वाईट वाटतं." एकदा बोला आणि विषय बदला. सासरे 'हं' म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. पुढच्या वेळी ते 'तुमची आई कशी आहे' असं विचारतात का, तेवढं बघा.